मदत हवी आहे: ३ वर्षांच्या मुलीच्या कोपराचा एक्स-रे

मी इंदूरला एका छोट्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी बघतो. काल झोपाळ्यावरून हातावर पडलेली ३ वर्षांची मुलगी आली. कोपर सुजलंय, हाडाला कुठे चीर दिसत नाही.

पहिली लॅटरल फिल्म हात जवळजवळ सरळ ठेवून काढलेली होती. त्यात मागचा फॅट पॅड दिसला, पण सरळ हातात तो उगाचही दिसतो, म्हणून कोपर ९० अंशांत वाकवून फिल्म पुन्हा काढली. तरीही ह्युमरसच्या मागे काळी पट्टी आहेच, आणि पुढचा पॅड शिडासारखा वर उचललाय. म्हणजे सांध्यात रक्त आहे आणि सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर धरूनच चालायचं, इथवर मला शंका नाही.

अडलंय पुढे. अँटीरियर ह्युमरल लाइन कॅपिटेलमच्या मध्यातून न जाता पुढच्या एक-तृतीयांश भागातून जातेय. ४ वर्षांखाली हे नॉर्मलही असतं.

नाडी, बोटांची हालचाल ठीक आहे, स्लॅब घातलाय. ऑर्थोपेडिक सर परवा येतील, सीटीची सोय नाही. फिल्म किंचित फिरलेली असावी, असंही वाटतं.

या वयात ही रेषा नॉर्मल धरायची की तुकडा थोडा मागे झुकलाय म्हणायचं? फिल्म फिरलेली नाही हे कशावरून ओळखता? आणि दुसऱ्या कोपराची लॅटरल काढून तुलना केली तर खरंच उपयोग होतो का?