आई-बाबांच्या लग्नाची २५ वर्षं, पत्रिकेचा मजकूर सुचवा

थोरली_लेक: आई-बाबांचं लग्न २७ मे २००१ ला झालं. यंदा २७ मे बुधवारी येतोय, म्हणून कार्यक्रम रविवारी, ३१ मे २०२६ ला संध्याकाळी कऱ्हाडला ठेवलाय. निमंत्रण मी आणि धाकटा भाऊ देणार. एका लग्नपत्रिकेवरून मजकूर जुळवलाय, तपासून द्या:

"आमचे येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां. … व चि. … यांच्या संसाररूपी वेलीवर प्रेमाची पंचवीस सुगंधी फुले उमलली असून या मंगलप्रसंगी आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे."

भाऊ म्हणतो, वाचून झोप येते.

मिसळपाव_प्रेमी: हॉल ठरला का? आमच्या वेळी जेवणाच्या ताटांचा अंदाज चुकला होता. दीडशे सांगितले, दोनशे आले. शेवटच्या पंगतीला मसालेभात आणि पापड.

थोरली_लेक: हॉल ठरलाय हो, मजकुराचं बघा ना.

माजघर: अगं, आईला "चि. सौ. कां." लिहिलंस! ते नवरीला लिहितात, तेही घरच्या मोठ्यांनी. "चि." हा आशीर्वाद आहे, लेकरांनी आई-बापांना कसा द्यायचा? साधं "आमचे आई-बाबा, सौ. … आणि श्री. …" लिही. आजी आहेत का? असतील तर त्यांचा उल्लेख हवा.

थोरली_लेक: बाबांची आई आहे. घाईत "चि." तसंच राहिलं, हसू नका.

अर्धवटराव: "ती." लावा, तीर्थरूप. आणि मुख्य म्हणजे तारीख बदला. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, अधिकात काहीच करत नाहीत.

माजघर: अधिकात लग्न-मुंज करत नाहीत, हे बरोबर. पण हे पुन्हा लग्न नाही, वाढदिवसच आहे. उलट अधिकात जावयाला वाण देतात, तेहतीस अनारसे. बाबा आजोळचे जावईच ना! मामाला सांगून ठेव. "ती." पत्राच्या मायन्यात शोभतं, इथं "आमचे आई-बाबा" म्हटलं की मान आलाच.

अर्धवटराव: आमच्या आत्या अशा कार्यक्रमालाही येणार नाहीत, एवढंच सांगतो.

थोरली_लेक: आमच्याही एक आहेत. त्यांना फोन करून विचारते.

घाटमाथा: वेल-फुलं-सुगंध कुणाच्याही पत्रिकेत चालतील, मग तुमचे आई-बाबा दिसणार कुठे? घरातली एकच गोष्ट सांग, जी पाहुण्यांनी पाहिलीय. दहा नकोत, एकच.

थोरली_लेक: बाबा रोज सकाळच्या एसटीने साताऱ्याला जातात. आमटी सांडू नये म्हणून आई डब्याला दोन रबरं लावते. बाबा दोन्ही रबरं मनगटात घालून परत आणतात. एकदा एकच आणलं, तर दारातच चौकशी.

घाटमाथा: झालं की! आता विशेषणं काढून टाक आणि तारखा वेगळ्या लिही, नाहीतर निम्मी मंडळी बुधवारी येतील.

माजघर: "स.न.वि.वि."ही नको. त्यातलं "सप्रेम" बरोबरीच्यांना, तुमचे पाहुणे काका-मावशीच्या वयाचे. "सर्वांना नमस्कार" पुरे. मी असं लिहिलं असतं:

"॥ श्री गणेश प्रसन्न ॥

सर्वांना नमस्कार.
आमचे आई-बाबा, सौ. … आणि श्री. …, यांच्या लग्नाला २७ मे २०२६ रोजी २५ वर्षं पूर्ण होत आहेत. आई आजही बाबांच्या डब्याला दोन रबरं लावते, आणि बाबा आजही ती दोन्ही न विसरता परत आणतात.
आजीच्या आशीर्वादाने रविवार, ३१ मे २०२६ रोजी संध्याकाळी ६ वाजता … येथे जमायचं ठरवलंय. जेवायलाच या.

तुमची, … आणि …"

थोरली_लेक: डोळ्यांत पाणी आलं. भावाला पाठवलं. तो म्हणतो, "रबरं" वाचून बाबा लाजतील.

छापखान्यातला: लाजू देत. छापायला देताना मजकूर नुसता मेसेजवर पाठवू नका. जुन्या फॉन्टमध्ये बदलताना "ऱ्य", "ऱ्ह" फुटतात. तुमचं तर गावच "कऱ्हाड". आधी पीडीएफ मागवा, कागदावर काढून नावं आणि गाव बोटाने वाचा. आणि हो, आहेराचं काय?

थोरली_लेक: "आपली उपस्थिती हाच आहेर" लिहू?

मिसळपाव_प्रेमी: ते वाचून लोक पाकीट आणतातच. "कृपया आहेर आणू नये" सरळ लिहा.

माजघर: पत्रिकेत "आणू नये" कोरडं वाटतं. फोनवर सांगा.

थोरली_लेक: आजीला विचारलं. ती म्हणते, "आहेर घ्यायचा नाही, पण आणू नये असं लिहायचंही नाही."