शब्दचर्चा: दातावर कॅप 'चिकटवतात' की 'बसवतात'?

लोकमान्यनगरची_अवंती: इंदूरच्या एका दंत दवाखान्यासाठी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'ल्युटिंग सिमेंट'ला मी 'कॅप चिकटवण्याचं सिमेंट' लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी त्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, आमचं झिंक फॉस्फेटचं सिमेंट चिकटत नाही. मग कॅप टिकते कशी? आणि क्रियापद कोणतं वापरू?

निवृत्त_दंतशिक्षक: त्यांचं बरोबर आहे. 'ल्युटिंग' हा शब्द चिखलासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलाय, म्हणजे फट लिंपून बंद करणं. झिंक फॉस्फेट नेमकं तेवढंच करतं. ते पातळ असताना दात आणि कॅप यांच्या खरखरीत पृष्ठभागांत शिरतं आणि तिथे कडक होतं. त्याचं दाताशी रासायनिक नातं जडत नाही. कॅप धरून ठेवतो तो घासलेल्या दाताचा आकार. भिंती जवळजवळ समांतर हव्यात, आणि दाढेला निदान ४ मिलिमीटर उंची हवी. आकार चांगला असेल तर हे जुनं सिमेंट वर्षानुवर्षं टिकतं.

रसायनवाला: म्हणूनच ग्लास आयनोमर सिमेंट आलं. ते दातातल्या कॅल्शियमला धरतं, त्यामुळे कॅप निघायचा प्रश्नच नाही. आणि आम्ल सौम्य, म्हणून नसेलाही त्रास नाही.

निवृत्त_दंतशिक्षक: पहिला अर्धा भाग खरा. ते दाताला धरतं, पण स्वतः फार ताकदवान नाही. घासून उरलेला दाताचा खुंटा आखूड असेल तर ओढ बसल्यावर सिमेंटच मधून तुटतं.

नसेचं थोडं सविस्तर सांगतो. झिंक फॉस्फेटच्या द्रवात फॉस्फोरिक आम्ल असतं. कॅप बसवताना त्याचा पीएच २ च्या आसपास असतो आणि उदासीनतेकडे यायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून ते थंड काचेवर, पावडर थोडी थोडी घालत, पसरून घोटायचं. घाईत पातळ कालवलं तर न मुरलेलं आम्ल जास्त उरतं. ग्लास आयनोमरही सुरुवातीला आम्लीच असतं. त्याच्या आम्लाचे रेणू मोठे, त्यामुळे दंतिनाच्या, म्हणजे दाताच्या आतल्या थराच्या, बारीक नळ्यांत खोल जात नाहीत. पण दात हवेने पार कोरडा करून ते लावलं की थंडाची कळ येते, हे मी बरेचदा पाहिलंय. दोन्ही सिमेंटांत नसेचं भवितव्य सिमेंटपेक्षा खाली किती दंतिन उरलंय आणि कडेने जंतू शिरतात का, यावर जास्त ठरतं.

सराफ्याजवळची_काकू: माझ्या खालच्या शेवटच्या दाढेची कॅप दोनदा निघाली हो! दुसऱ्यांदा तर चिक्की खाताना. सिमेंट हलकं वापरलं असणार. रूट कॅनाल केलेलं नाही.

निवृत्त_दंतशिक्षक: काकू, निघालेल्या कॅपच्या आत पाहिलंत का? सिमेंट आत होतं की दातावर?

सराफ्याजवळची_काकू: सगळं कॅपमध्ये होतं, दात स्वच्छ. डॉक्टर म्हणाले झिंक फॉस्फेट होतं, आणि दात जेमतेम अडीच मिलिमीटर उरलाय, वर निमुळता.

निवृत्त_दंतशिक्षक: मग हलक्या सिमेंटचा संशय सोडा. निमुळत्या, आखूड खुंट्याला धरायला जागाच नाही, आणि दाताच्या बाजूने सुटलंय. तुमच्या डॉक्टरांनी दातावर खाचा पाडून नवी कॅप करायची आणि ती रेझिन सिमेंटने लावायची असं ठरवलं तर मला ते योग्य वाटेल. रेझिन दाताला खरोखर धरतं. पण ते हट्टीही आहे. लाळ लागली, किंवा तात्पुरत्या कॅपखाली लवंगतेलाचं सिमेंट होतं आणि ते नीट निघालं नाही, तर पकड कमी होते. हिरडीखाली गेलेलं जास्तीचं रेझिन कडक होण्याआधी काढावं लागतं. दात जिवंत आहे, तर आधी आम्लाने कोरायच्या प्रकारापेक्षा स्वतःच धरणारं रेझिन मी सुचवेन. त्याची पकड जरा कमी, हेही खरं.

नंतर थंडाची कळ क्षणभर येऊन काही दिवसांत ओसरली तर चालेल. रेंगाळली किंवा रात्री आपोआप ठणकलं तर नस तपासा. फक्त चावताना दुखलं तर कॅप उंच राहिलीय का, हे आधी रंगीत कागदाने पाहायला सांगा.

लोकमान्यनगरची_अवंती: मग झिंक फॉस्फेटला 'बसवणे', रेझिनला 'चिकटवणे'. ग्लास आयनोमरचं काय?

रसायनवाला: 'चिकटवणे'च. कॅल्शियमला धरतं ना.

निवृत्त_दंतशिक्षक: मला 'बसवणे' बरं वाटतं. 'चिकटवणे' लिहिलं की रुग्णाला वाटतं, आकार कसाही असो, सिमेंट सांभाळून घेईल.

सराफ्याजवळची_काकू: आम्ही तर तिन्हीला 'कॅप बसवली' म्हणतो. पत्रकात दात किती उरलाय ते विचारायचं मात्र नक्की लिही गं अवंती, मला ते कुणी सांगितलंच नव्हतं.