फॅमिली पेन्शनसाठी कोर्टाचं वारस प्रमाणपत्र काढावं का?

परळकर: बाबा केंद्र सरकारी नोकरीतून साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि चौसष्टाव्या वर्षी, १७ तारखेला गेले. पेन्शन आईबरोबरच्या जॉइंट खात्यात यायची, पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, आईचं नाव आहे. तरी बँकेत वारस प्रमाणपत्र मागितलं. काढावं का?

सांताक्रूझचा अवि: काढाच. नवऱ्याचा पैसा म्हणजे वारसांचा पैसा. उद्या भावंडांपैकी कोणी हक्क सांगितला तर कागद हाताशी हवा.

निवृत्त लेखापाल: मला हे साफ अमान्य आहे. फॅमिली पेन्शन ही मयताची मिळकत नव्हे, ती वाटणीत येतच नाही. नियमाने ती थेट पत्नीला मिळते. परळकर, तुमच्या आईंनी साधा अर्ज लिहावा आणि सोबत महापालिकेचा मृत्यू दाखला, पीपीओची प्रत, आधार-पॅन आणि स्वतःच्या जन्मतारखेचा पुरावा द्यावा. जादा रक्कम जमा झाल्यास परत करीन असं हमीपत्रही बँक घेते. खातं जॉइंट असल्याने वेगळा फॉर्म भरावा लागत नाही, नवं खातंही नको.

आकडा मात्र पीपीओवर तपासा. शेवटचं मूळ वेतन ६०,००० असेल तर आधी वाढीव दराने महिना ३०,००० आणि नंतर १८,०००, वर महागाई भत्ता. वाढीव दर मृत्यूनंतर सात वर्षं किंवा बाबांना ६७ पूर्ण झाली असती तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे तुमच्याकडे साधारण तीनच वर्षं. बाबांनी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असले तरी यातून कपात होत नाही. ती झालेली दिसली तर लेखी हरकत घ्या.

वांद्र्याची मावशी: मी तर पीएफ ऑफिसात १०-डी भरला होता. तोच आणा, बाळा.

निवृत्त लेखापाल: मावशी, तो कंपनीतल्या नोकरीच्या ईपीएस पेन्शनचा. इथे चालणार नाही.

सांताक्रूझचा अवि: मग १ ते १७ तारखेची पेन्शन? ती तर बाबांचीच ना?

निवृत्त लेखापाल: इथे तुमचं म्हणणं रास्त आहे. ती थकबाकी, तिला नॉमिनेशन लागतं. ते नसेल तर वारसांचा प्रश्न येतो. पण १८ तारखेपासूनची फॅमिली पेन्शन त्यासाठी अडवून ठेवायचं कारण नाही.

परळकर: नॉमिनेशनचा कागद घरात सापडत नाहीये. बाबांच्या ऑफिसात प्रत असेल का?

सांताक्रूझचा अवि: नसेल तर? सतरा दिवसांच्या पैशांसाठी कोर्टाची फी भरायची? मला तरी अजून पटलेलं नाही.

निवृत्त लेखापाल: आधी ऑफिसात लेखी विचारा. आईंचा अर्ज मात्र उद्याच द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका, कोणत्या नियमाने प्रमाणपत्र हवं ते लिहून मागा.