‘बीपी आधीपासून होतं’ म्हणून नाकारलेला क्लेम

> "डिस्चार्ज कार्डावर ‘बीपी ८ वर्षांपासून’ असं लिहिलंय म्हणून क्लेम नाकारला. पत्रात काय लिहू?"

आईच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी आमचंही असंच झालं. पॉलिसी चार वर्षांची होती. बीपी होतं ८ महिन्यांपासून, पण भरती करताना रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ‘८ वर्षं’ लिहिलं. पत्राआधी मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचा दाखला घेतला की निदान अमुक महिन्यात झालं, कार्डावरची नोंद चुकीची आहे. सोबत फॅमिली डॉक्टरांचा गोळ्या सुरू केल्याचा पहिला कागद जोडला. जुना कागद नसता तर नुसत्या दाखल्यावर भागणं कठीण होतं.

पत्रात क्लेम नंबर, पॉलिसी सुरू झाल्याची तारीख आणि निदानाची तारीख एकाखाली एक लिहा. आजार पॉलिसीआधीचा असल्याचा कोणता कागद तुमच्याकडे आहे, त्याची प्रत द्या, असं स्पष्ट मागा. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा, पोच जपून ठेवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत जाता येतं, फी नाही. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर तेच आधी लिहा. त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण चालत नाही.