चर्चा: h = 1e-8 हा आकडा डोळे झाकून घ्यायचा का?

केतन (धागाकर्ता): माझं एक मॉडेल आहे, आत `solve_ivp` ने समीकरणं सुटतात (BDF, टॉलरन्सला हात लावलेला नाही) आणि शेवटी एक आकडा मिळतो तो मिनिमाइझ करायचाय. पॅरामीटर 2 च्या आसपास, फंक्शनची किंमत साधारण 3.2. हाताने ग्राफ काढला तर उतार 3 वाटतो, पण `minimize` आतमध्ये फॉरवर्ड डिफरन्सने जो ग्रेडियंट काढतं तो कधी 600 तर कधी -900 येतो आणि शेवटी `Desired error not necessarily achieved due to precision loss` म्हणून थांबतं. स्टेप 1.49e-8 आहे. ही लहान करू की मोठी? आणि किती, हे ठरवायचं कसं?

समीर: डबल प्रिसिजनला मशीन एप्सिलॉन 2.2e-16, त्याचं वर्गमूळ 1.49e-8. हा आकडा उगाच नाही आलेला. स्टेप मोठी केली की ट्रंकेशन एरर h च्या पटीत वाढते, लहान केली की वजाबाकीत अंक उडतात, दोन्ही जिथे सारख्या होतात तो हा बिंदू. मी तरी याला हात लावणार नाही, तुझ्या मॉडेलमध्येच बग आहे, आधी तो शोध.

मृणाल: समीर, हिशोब बरोबर पण त्यात एक गोष्ट तू न बोलता धरून चाललायस, की फंक्शन शेवटच्या अंकापर्यंत नीट मोजलं जातंय. `sin` साठी ते खरं आहे. केतनच्या फंक्शनच्या आत एक सॉल्व्हर बसलाय ज्याचा `rtol` काही न सांगता 1e-3 असतो! तिथे 2.2e-16 चा संबंधच येत नाही, त्या जागी फंक्शनचा स्वतःचा गोंगाट घालावा लागतो आणि वर्गमूळ त्याचं घ्यावं लागतं.

केतन, आधी एवढं चालवून बघ:

```python
d = 1e-9
for i in range(8):
    print(repr(f(2.0 + i*d)))
```

उतार 3 असेल तर एका आकड्यापासून पुढच्यापर्यंत खरा बदल 3e-9 एवढाच हवा, म्हणजे नवव्या दशांशाला. त्याच्या कितीतरी आधीचे अंक हलत असतील तर ते तुझ्या मॉडेलचं वागणं नाही, तो सॉल्व्हरचा गोंगाट आहे. `d` 1e-6 घेऊनही एकदा बघ, कारण कधी कधी आठही बिंदू एकाच गुळगुळीत तुकड्यात पडतात आणि सगळं छान आहे असं वाटतं.

दिगंबर: मला वेगळाच अनुभव आला म्हणून सांगतो, माझा ग्रेडियंट बरोब्बर शून्य यायचा, अगदी 0.0. पॅरामीटर म्हणजे टाइमस्टँप होता, सेकंदात, 1.7e9 च्या घरात. तिथे दोन शेजारच्या डबल आकड्यांमध्ये 2.4e-7 चं अंतर असतं त्यामुळे 1.49e-8 मिळवलं काय न मिळवलं काय, x तोच राहतो. मी x ला स्केल केलं आणि सुटलो. तूही स्केल करून बघ.

मृणाल: दिगंबर, तुमचा मुद्दा खरा आहे पण केतनचा x 2 आहे, तिथे ही अडचण नाही. त्याच जातीची एक छोटी गोष्ट मात्र सगळ्यांनाच लागू पडते: 1 मध्ये 1e-15 मिळवलं तर प्रत्यक्षात 1.11e-15 मिळवलं जातं, आणि आपण भागतो 1e-15 ने, म्हणजे अकरा टक्के चूक तिथेच झाली. म्हणून `h = (x + h) - x` करून खरी पडलेली स्टेप घ्यावी आणि त्यानेच भागावं.

केतन: चालवलं. `d` दोन्ही घेऊन बघितला, आठही आकडे पाचव्या दशांशाला वरखाली होतायत, काही क्रम नाही, वाढत जातायत असंही नाही.

मृणाल: मग गोंगाट 1e-5 धरू. ग्राफवरून दुसरा डेरिव्हेटिव्ह साधारण किती वाटतो?

केतन: 10 च्या आसपास. तिसरा 30 असेल, अंदाजे.

मृणाल: पुरे, इथे अंदाजच लागतो. फॉरवर्ड डिफरन्समध्ये ट्रंकेशनचा वाटा `h/2 * 10`, गोंगाटाचा जास्तीत जास्त `2 * 1e-5 / h`. तुझी 1.49e-8 घाल, दुसरा भाग येतो जवळजवळ 1340, म्हणजे तुझे 600 आणि -900 याच पट्ट्यातले आहेत आणि बग शोधायची गरज नाही. दोन्ही भाग सारखे होतात `h = 2*sqrt(1e-5/10)` ला, म्हणजे 0.002, आणि तिथे एकूण चूक 0.02. उतार 3 असताना ही चालण्यासारखी आहे. सेंट्रल घेतलास तर `5*h*h + 1e-5/h`, त्याचा तळ 0.01 ला आणि चूक 0.0015. x वरचं मूल्य तसंही काढलेलं असतं म्हणून फॉरवर्डला प्रत्येक पॅरामीटरमागे एक जादा रन लागतो आणि सेंट्रलला दोन, पण चूक तेरा पटीने कमी होते. मी सेंट्रलच घेईन.

समीर: पण 0.01 ही स्टेप म्हणजे फारच ढोबळ झाली. आणि सॉल्व्हरची चूक 1e-3 असेल तरी f(x) आणि f(x+h) दोन्हीकडे सारखीच असणार ना, मग वजाबाकीत कटत का नाही?

मृणाल: ती सारखी असते तेव्हा खरंच कटते, आणि म्हणूनच टॉलरन्स 1e-3 असून गोंगाट फक्त 1e-5 दिसतोय. उत्तर किती चुकलंय आणि उत्तर किती हलतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्टेप ठरवताना फक्त दुसरी लागते, म्हणून `rtol` वरून h काढू नये, मोजावं. पण सॉल्व्हर आपली वेळेची पायरी दर रनला नव्याने ठरवतो. पॅरामीटर जरा हलला की एखादी पायरी नाकारली जाते, BDF ची ऑर्डर बदलते, न्यूटनची एक फेरी जास्त होते, आणि उत्तर टप्प्याने उडी मारतं. त्या उड्या कटत नाहीत.

समीर: मग रोग तिथे आहे तर इलाज तिथेच करावा. वेळेच्या पायऱ्या आणि न्यूटनच्या फेऱ्या दोन्ही फिक्स करा, म्हणजे उड्याच जातील आणि 1e-8 पुन्हा चालेल.

मृणाल: चालेल, आणि ज्यांचा सॉल्व्हर स्वतःचा आहे ते तसं करतातही. पण मग पायऱ्या पुरेशा बारीक आहेत की नाही हे सांगणारं कोणी उरत नाही, आणि हे स्टिफ प्रकरण आहे, एका x ला पुरणारी ग्रिड दुसऱ्याला पुरेलच असं नाही. मी आधी `rtol` 1e-8 करून गोंगाट पुन्हा मोजेन, तो उतरला की h ही त्याप्रमाणे लहान करता येते.

ओजस: एवढा खटाटोप कशाला, कॉम्प्लेक्स स्टेप वापरा! x मध्ये `1e-20j` मिळवायचं, काल्पनिक भागाला 1e-20 ने भागायचं, वजाबाकीच नाही म्हणून अंक उडायचा प्रश्नच नाही.

केतन: माझ्या कोडमध्ये दोन ठिकाणी `abs` आहे आणि एक टेबल इंटरपोलेशन, ते फक्त रिअल आकडे घेतं.

ओजस: `abs` काल्पनिक भाग खाऊन टाकेल, तेवढं हाताने बदलावं लागेल. टेबलचं बघावं लागेल.

केतन: बघतो. आत्ता सेंट्रल आणि 0.01 लावलं तर ग्रेडियंट 3.01 आला, `minimize` पण शेवटपर्यंत गेलं. पण खरं उत्तर माहीत नसताना ही 0.01 बरोबर आहे हे कळणार कसं? मिनिमम जवळ उतार 3 वरून 0.001 वर येईल तेव्हा?

मृणाल: h अर्धी करत जा आणि लागोपाठच्या उत्तरांमधला फरक लिही. सेंट्रलमध्ये फरक दर वेळी चौथाई होत असेल तर अजून ट्रंकेशनच्या बाजूला आहेस, तो कमी व्हायचा थांबून वेडावाकडा वाढायला लागला की गोंगाट सुरू झाला, त्याच्या एक पायरी आधी थांब. आणि मिनिममजवळ अडचण येणारच, 0.0015 ची चूक असताना 0.001 चा उतार दिसत नाही, चिन्हसुद्धा उलटं येऊ शकतं. `gtol` 1e-5 असतो तो 1e-2 च्या आसपास ठेव, नाहीतर टॉलरन्स घट्ट कर.

समीर: किंवा ग्रिड फिक्स करा. मी अजून तेच म्हणेन.