रथ गेले कशामुळे? रिकीब, घोडा की चिखल?

पानगळ
महाभारतात रथाशिवाय पान हलत नाही. पुढच्या इतिहासात मात्र जिकडेतिकडे घोडेस्वार. माझं मत असं की रिकीब आली, स्वाराला पाय रोवायला आधार मिळाला आणि रथ निकालात निघाले. पटतंय का? नसेल तर कशामुळे?

खडीसाखर
रिकीब आहेच, पण मूळ कारण घोडा. त्या काळचे घोडे तट्टाएवढे, खांद्याशी १३०-१४० सेंटीमीटर. चिलखत घातलेला गडी अशा जनावराच्या पाठीवर बसवून दौडवायचा म्हणजे जनावराचे हाल. त्यापेक्षा दोन घोडी जुंपून हलकी गाडी ओढवणं सोपं. पुढे पैदास सुधारली, घोडी उंच झाली आणि गाडी नकोशी झाली. माझ्या लेखी विषय संपला.

कोरीवलेणं
इतक्यात संपवू नका. आधी रिकिबीचा हिशेब. चीनमधल्या थडग्यांत रिकीब लावलेले मातीचे घोडे सापडतात ते इसवी सनाच्या चौथ्या शतकातले. आणि करकरची लढाई आहे इ.स.पू. ८५३ ची. ॲसिरियाचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या जुन्या साम्राज्याचा राजा तिसरा शाल्मनेसर याने तिथल्या शत्रूंची यादी दगडावर कोरून ठेवली आहे. त्यात दमास्कसच्या राजाकडे १२०० रथ आणि १२०० घोडेस्वार आहेत. इस्रायलच्या अहाबकडे २००० रथ आहेत, स्वार मात्र नोंदलेलेच नाहीत. आकडे फुगवलेले असतील, शत्रू मोठा दाखवण्यात राजाचाच फायदा. तरी एवढं कळतं की तेव्हा एकाच फळीत कुणाकडे स्वार जमू लागले होते, कुणाकडे अजून नव्हते. रिकिबीला तिथून पुढे हजारावर वर्षं लागली. अलेक्झांडरचे स्वारसुद्धा रिकिबीशिवायच लढले.

घोड्याच्या उंचीचं अर्धं खरं आहे. पण मंगोलांचे घोडेही तट्टांएवढेच होते आणि त्यांनी अर्धं जग तुडवलं. नुसत्या उंचीवर अडत नाही.

अडत होतं ते हातांवर. दुसऱ्या अशुरनासिरपालच्या (इ.स.पू. ८८३ ते ८५९) निमरूदच्या राजवाड्यातली शिल्पं पाहा, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात स्वार जोडीने दौडतात. एकाच्या हातात धनुष्य, त्याने आपला लगाम सोडलेला. शेजारचा गडी स्वतःचा आणि त्याचाही, असे दोन्ही लगाम धरून आहे. गुडघे वर घेऊन, पुठ्ठ्याकडे सरकून बसले आहेत, मांड अजून पक्की नाही. म्हणजे हा रथच आहे, फक्त गाडी काढून टाकलेली. एक रथी, एक सारथी, दोन घोडी.

मग निनेव्हेत अशुरबनिपालची (इ.स.पू. सातवं शतक) शिल्पं पाहा. धनुर्धर एकटा, लगाम घोड्याच्या मानेवर सोडलेला, पाय सरळ खाली, मांड घट्ट. इ.स.पू. आठव्या शतकापासून लगामाला खाली लोंबणारा गोंडाही दिसतो. त्याच्या वजनाने सोडलेला लगाम जागेवर राहत असावा असा तर्क आहे. दोनशे वर्षांत सारथी गळाला. आता दोन घोड्यांमागे एकाऐवजी दोन धनुष्यं मिळू लागली, आणि गाडीच नाही म्हटल्यावर मोडायला चाकही नाही. रथ गेला तो या हिशेबात.

घाटकरी
मला ॲसिरिया ठाऊक नाही, बैलगाडा ठाऊक आहे. आमच्याकडे जुन्नर-खेडच्या घाटात गाड्याच्या पुढे घोडी पळते. घोडीवरचा पोरगा उघड्या पाठीवर असतो, ना खोगीर ना रिकीब, आणि मागे बैल उधळत येत असतात. पोरगा पडत नाही. रिकिबीशिवाय दौडता येत नाही हे मला कुणी सांगू नये.

दुसरं, गाडा पळतो तो तयार केलेल्या घाटात, सरळ. दगड वेचलेले असतात. तोच गाडा बारी संपल्यावर वावरात घुसला की पहिल्या बांधावर उलटतो. घोडी बांध टाकून निघून जाते. मग रथ घेऊन लढायला जाणारे राजे रान कुठून साफ करून आणायचे?

तिरकस
घाटकरींनी मुद्द्याला हात घातला. कोरीवलेणं साहेब हातांत आणि लगामात अडकलेत. रथाचा जीव जमिनीत होता.

झेलमची लढाई घ्या, इ.स.पू. ३२६. अलेक्झांडर रात्री पावसात नदी ओलांडून आला. त्याला अडवायला पोरसाने मुलाला पुढे धाडलं. अलेक्झांडरच्या मोहिमांचा ग्रीक इतिहासकार एरियन याने दोन आकडे दिलेत: एकाच्या सांगण्याप्रमाणे मुलाबरोबर ६० रथ होते, दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे २००० स्वार आणि १२० रथ. शेवट एकच. चिखलात रथ लढताना निरुपयोगी आणि पळताना जड झाले, घोड्यांसकट शत्रूच्या हाती पडले, आणि पोरसाचा मुलगा तिथेच मारला गेला. अलेक्झांडरचे स्वार त्याच चिखलात होते. ते अडकले नाहीत.

पोरसालाही हे कळत होतं. मुख्य लढाईसाठी त्याने मुद्दाम रेताड, सपाट, टणक जागा निवडली. कौटिल्याने रथासाठी सांगितलेली जमीन वाचा: सपाट, घट्ट, खड्डे नकोत, खुंट नकोत, वेली नकोत, ओल नको. घोड्याला यातलं बरंच चालतं. जागा तुम्ही निवडणार हे शत्रूला आधीच कळलं तर लढाई अर्धी हरलात. म्हणजे तुमचा तो एकहाती धनुर्धर नसता तरी रथ मेलाच असता.

कोरीवलेणं
मेला असता तर आधीच मेला असता. चिखल इ.स.पू. १५०० मध्येही होता आणि तेव्हा इजिप्तपासून अनातोलियापर्यंत रथच रथ होते. जमिनीची अडचण पहिल्या दिवसापासून होती. सारथ्याशिवाय घोड्यावरून बाण मारणारा मिळेपर्यंत लोकांनी ती सोसली, कारण पर्याय नव्हता.

रथ किती नाजूक होता तेही सांगतो. इजिप्तचा रथ ३०-३५ किलोच्या आसपास, दोन माणसांनी उचलून न्यावा असा. तळ विणलेल्या कातडी पट्ट्यांचा, आस मागच्या टोकाला म्हणून वळताना कमी उलटणारा, चाकाला बहुधा सहा आरे, तेही वाकवलेल्या लाकडाचे. उभा करून ठेवला तर चाकं वजनाने वाकडी होतात. म्हणून क्रीटमधल्या क्नोसॉसच्या राजवाड्याच्या मातीच्या पाट्यांवर रथाचे सांगाडे वेगळे मांडलेत आणि चाकांच्या जोड्या वेगळ्या. कारखाना, सुतार, चांभार, राखणदार, आणि वर दोन शिकवलेले घोडे. एवढं सगळं एका धनुष्यासाठी.

मावळतवारा
ॲसिरिया, इजिप्त, क्रीट! आपल्याकडचं कुणी बोलेल का? श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये कांस्याचा रथ सापडलाय. निमरूदच्या शिल्पांच्या कितीतरी आधीचा. म्हणजे महाराष्ट्रात रथयुद्ध त्यांच्या आधीपासून होतं, मग सुरुवात तिकडून कशाला?

कोरीवलेणं
दायमाबादचं शिल्प सुंदर आहे, पण त्याला बैल जुंपलेत आणि चाकं भरीव आहेत, आरे नाहीत. त्यात उभा असलेला माणूस बैल हाकतो आहे. ती गाडी आहे, मिरवणुकीची असेल, देवाची असेल. बैलाच्या भरीव चाकाच्या गाडीतून शत्रूभोवती घिरट्या घालत बाण मारता येत नाहीत. आणि धाग्याचा प्रश्न रथ आधी कुणाकडे होते हा नाहीच, ते गेले कसे हा आहे.

मावळतवारा
बैल वेगात पळतात हे घाटकरींनी आत्ताच सांगितलं.

घाटकरी
पळतात, पण मला मध्ये ओढू नका. बैल वळत नाही. वळवलात तर गाडा जातो.

नथनी
एक वेगळा कोन. रथ टिकला तो मानामुळे, असं मला वाटतं. युफ्रेटिस नदीकाठच्या मारी नगराच्या झिम्रीलिम राजाला (इ.स.पू. अठरावं शतक) त्याच्या अधिकाऱ्याने पत्र लिहिलंय, की महाराजांनी घोड्यावर बसू नये, खेचराच्या गाडीतून जावं, राजेपणाची आब राखावी. घोड्यावर बसणं म्हणजे हलकं काम. चीनमध्येही तेच. झाओच्या वुलिंग राजाने इ.स.पू. ३०७ मध्ये सैनिकांना लांब झगे सोडून विजार घालायला आणि घोड्यावरून बाण मारायला लावलं तेव्हा दरबाराने नाकं मुरडली. उत्तरेच्या भटक्या टोळ्या ते पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या. म्हणजे घोडेस्वारी जमत नव्हती असं नाही, सरदारांना ती शोभत नव्हती.

कोरीवलेणं
चीनबाबत हे बऱ्याच अंशी पटतं. मारीच्या पत्राबाबत नाही. त्या काळी घोड्यावरून निरोप नेणं जमत होतं, लढणं जमत नव्हतं. मान नंतर चिकटतो.

आणखी एक गंमत बघा. ॲसिरियात स्वार आल्यावर रथ लगेच गेले नाहीत, जड होत गेले. अशुरबनिपालच्या वेळी चार घोडे, चार माणसं, माणसाएवढी चाकं, आठ आरे. हलकं, चपळ काम स्वारांनी उचललं, मग रथाला उरलं ते धडक देणं, धाक घालणं आणि राजाला मिरवणं. जे शस्त्र वेगासाठी जन्मलं त्याचा वेगच काढून घेतला गेला.

तिरकस
मग पोरसाचं काय? त्याच्याकडे ४००० स्वार आणि ३०० रथ एकाच वेळी होते. रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो की त्या रथांत सहा-सहा माणसं होती: दोन ढालवाले, दोन धनुर्धर, दोन सारथी, आणि सारथीही वेळ आली की भाले फेकायचे. सहा माणसं चार घोड्यांच्या गाडीत! याला धनुष्याचं व्यासपीठ म्हणायचं की ओझं?

कोरीवलेणं
कर्टियस घटनेनंतर तीनशेपेक्षा जास्त वर्षांनी लिहितो, आणि एरियन सहा माणसांबद्दल बोलत नाही. पण कर्टियसचं खरं मानलं तर ते ॲसिरियाच्या शेवटच्या रथांसारखंच आहे, फुगलेलं. रथाचं जुनं काम तिथेही संपत आलं होतं.

तिरकस
तुम्ही सगळं ॲसिरियाच्या साच्यात बसवता. आपल्याकडे रथाची जागा घोड्याने नाही, हत्तीने घेतली. खुद्द पोरस त्या दिवशी रथात नव्हता, हत्तीवर होता. सेनापतीला उंच बसून दिसायला हवं, सैन्याला तो दिसायला हवा. हे काम पूर्वी रथ करायचा, ते हत्तीने घेतलं. कौटिल्य प्रतियोद्धे मोजताना रथ आणि हत्ती एकाच मापात धरतो: एका घोड्याला तीन पायदळ, पण रथाला किंवा हत्तीला पंधरा माणसं किंवा पाच घोडे. हत्ती चिखलात रुतत नाही आणि त्याला चाक नसतं.

खडीसाखर
हे पटलं. पण मग हत्ती नसलेल्या चीनमध्ये आणि ॲसिरियात रथ का गेले, ते तुमच्या मताने सुटत नाही.

तिरकस
सगळीकडे एकच कारण असायला हवं असा नियम आहे का? तिकडे स्वार, इकडे हत्ती.

कोरीवलेणं
इकडेही ४००० स्वार होते की. हत्तीने सेनापतीची बैठक घेतली हे मी मानतो. पण बाजूने वळसा घालणं, पळणाऱ्याचा पाठलाग, टेहळणी, ही कामं हत्ती करत नाही. पोरसाच्या डाव्या बगलेवर अलेक्झांडरचे स्वार आले तेव्हा त्यांना तोंड द्यायला पोरसाचे स्वारच पुढे गेले. दोन्ही बगलांवर रथ त्या स्वारांच्या पुढे उभे केले होते, आणि मुख्य लढाईचं वर्णन वाचताना त्यांनी निकालात काय फरक पाडला ते शोधून दाखवा.

पानगळ
रिकीब मी यादीतून काढतो. पण अजून एक राहिलं: कुरुक्षेत्रात रथी उभ्या रथातून एकमेकांशी तासन्‌तास द्वंद्व खेळतात. रथ असे वापरत होते का?

नथनी
त्यावर वेगळा धागा काढा. तिथे मावळतवारा आणि तिरकस एका बाजूला येतील, हे आत्ताच सांगते.