मदत हवी आहे: आईची साखर मशीनवर १५६, लॅबमध्ये १२८. खरी कुठली?

नितीन_साखळी
लवकर उत्तर हवंय. आईची साखर आज घरच्या मशीनवर १५६ आली आणि लॅबचा रिपोर्ट आला १२८. दोन्ही आजच्याच. अठ्ठावीसचा फरक म्हणजे दोघांपैकी कुणीतरी चुकतंय ना? मशीन घेऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. डॉक्टर गोळी वाढवायची म्हणत होते, दोन दिवसांत त्यांच्याकडे जायचंय. कुठला आकडा सांगू?

पेडण्याचा_बाब
नवं घेणार असाल तर मशीनच्या किमतीकडे बघूच नका, स्ट्रिपचा भाव विचारा. मशीन स्वस्तात देतात आणि पुढे स्ट्रिपांवर वसूल करतात. आणि पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं टाकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत स्ट्रिप्स लवकर खराब होतात.

मंगला_फोंडा
नितीनबाब, नवं मशीन घ्यायची घाई नको. लॅबमध्ये तीस वर्षं काम केलंय म्हणून विचारते. साखर उपाशीपोटी बघितली की जेवणानंतर? दोन्ही वेळा किती अंतराने? रक्त लॅबमध्ये जाऊन दिलं की कुणी घरी आलं होतं? हे कळल्याशिवाय १५६ आणि १२८ यांची तुलनाच होत नाही.

नितीन_साखळी
उपाशीपोटीच, सकाळची. मी साडेसहाला बोट टोचलं, सव्वासातला लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. मध्ये काही खाल्लेलं नाही. पण प्रश्न तोच आहे, किती फरक चालतो?

कुडचडेकर
सोपं आहे. मशीन अख्ख्या रक्तातली साखर मोजतं, लॅब रक्तातल्या पेशी बाजूला काढून वरच्या पाण्यातली मोजते. त्यामुळे दहा-बारा टक्के फरक पडणारच. मी मशीनच्या आकड्यात तेवढे मिळवतो आणि मोकळा होतो.

मंगला_फोंडा
कुडचडेकर, तो हिशेब जुन्या मशीनचा. आताची मशीन्स लॅबच्या मापाशी जुळवूनच आकडा दाखवतात, त्यात पुन्हा काही मिळवायचं नाही. आणि तुमचा हिशेब धरला तर मशीनने *कमी* दाखवायला हवं. इथे ते जास्त दाखवतंय.

किती चालतो ते सांगते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साखर १०० किंवा वर असेल तर लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के वर-खाली चालतं, १०० च्या खाली असेल तर १५ अंक. तेही शंभरातली ९५ वाचनं त्यात बसली की मशीन पास. तुमचे १२८ धरले तर १५ टक्के म्हणजे साधारण १९. म्हणजे १०९ ते १४७ पर्यंत काहीही आलं असतं तर मी विषय तिथेच संपवला असता. १५६ त्याच्या बाहेर आहे, तेव्हा कारण शोधायला हवं.

पहिला संशय त्या नळीवर. रक्त काढल्यावरही पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. करड्या टोपीच्या नळीत ते थांबवायचं औषध असतं, पण त्यालाही पहिला तासभर लागतो. मुलगा तुमच्याकडून थेट लॅबमध्ये गेला का?

नितीन_साखळी
नाही, त्याला अजून डिचोलीत दोन घरं होती. लॅब म्हापशाला. टोपीचा रंग बघितला नाही.

रेखा_वास्को
आमच्याकडे याहून वाईट. ह्यांची जेवणानंतरची मशीनवर २३१ आणि त्याच वेळी लॅबमध्ये १७८! मी तर मशीन कपाटात टाकलं.

मंगला_फोंडा
रेखाताई, बाहेर काढा ते. जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर आधी पोहोचते. अंगात तिचा वापर होऊन उरलेलं रक्त दंडाच्या शिरेतून परत जातं. लॅब त्या शिरेतलं घेते, म्हणून तिथे आकडा कमी येतो. यात दोघांचीही चूक नाही. म्हणूनच मशीन आणि लॅब ताडायची ती फक्त उपाशीपोटी.

रेखा_वास्को
बरं झालं सांगितलंत. अजून एक, हात साबणाने धुतलेत ना? मी मानकुराद सोलून, नुसता हात पुसून टोचलं होतं तर २६० आली होती. धुऊन पुन्हा बघितलं तर १४०.

कुडचडेकर
रोजचे आकडे सोडा हो. एचबीए१सी करा, तीन महिन्यांची सरासरी कळते. तिच्यावर गोळी ठरते.

नितीन_साखळी
हात धुतलेले होते. एचबीए१सी गेल्या महिन्यात ७.६. म्हणूनच तर गोळी वाढवायचं चाललंय. त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन ९.१ होतं, लोहाची गोळी सुरू आहे. त्याचा इथे काही संबंध नाही.

मंगला_फोंडा
संबंध आहे, आणि दोन्हीकडे आहे. पंडुरोगात तांबड्या पेशी कमी असतात. स्ट्रिपवर त्यांची अडचण कमी होते आणि मशीन खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की पेशींचं प्रमाण अंदाजे कळतं, तुमच्या आईचं २७ च्या आसपास. स्ट्रिपच्या डबीतला घडीचा कागद उघडा, त्यात ‘हिमॅटोक्रिट’पुढे काय छापलंय बघा.

आणि कुडचडेकर, लोह कमी असताना एचबीए१सीही खोटं वर जाऊ शकतं. लोह भरून आलं की ते खाली येतं. ७.६ हे एकटं धरून चालायचं नाही.

नितीन_साखळी
कागदावर ३० ते ५५ लिहिलंय.

मंगला_फोंडा
म्हणजे आईचं रक्त त्या स्ट्रिपच्या हद्दीबाहेरच आहे. आता असं करा. उपाशीपोटी आईला घेऊन थेट लॅबमध्ये जा, करड्या टोपीची नळी मागा. रक्त काढलं की पाच मिनिटांत तिथेच, दुसऱ्या हाताचं बोट टोचा. बोट पिळू नका, थेंब आपसूक येऊ द्या. दोन स्ट्रिपा वापरा.

नितीन_साखळी
आज करून आलो. लॅब १३१, मशीन १४९, दुसऱ्या स्ट्रिपवर १४६.

कुडचडेकर
बघा, फरक बराच कमी झाला! म्हणजे पहिल्या वेळी डिचोलीत फिरलेली नळीच कारण. हिमोग्लोबिन नव्हे.

मंगला_फोंडा
नळीचा वाटा असेल, पण तो किती ते आता सांगता येणार नाही. टोपी कुणी बघितलेली नाही. १३१ चे १५ टक्के म्हणजे जवळपास २०, तेव्हा १४९ आणि १४६ दोन्ही हद्दीत आहेत. तरी मला खटकतं ते हे, की तिन्ही वेळा आकडा वरच आहे. नुसती स्ट्रिपची कमी-जास्त असती तर एखाद्या वेळी खालीही आला असता. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं की हीच तुलना पुन्हा करा, मग कळेल. तोवर डॉक्टरांना दोन्ही आकडे, पेशींचं प्रमाण आणि तो कागद दाखवा. गोळी स्वतः बदलू नका. आई कुठली गोळी घेते?

नितीन_साखळी
मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

मंगला_फोंडा
मग आज घरात सगळ्यांना एक सांगून ठेवा. ग्लिमेपिराइडने साखर खाली घसरू शकते आणि हे मशीन सध्या वरचा आकडा दाखवतंय. आईला दरदरून घाम आला, हात कापले आणि मशीनवर ८० दिसले, तरी ‘ठीक आहे’ म्हणून बसू नका. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. आईला गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

नितीन_साखळी
डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी तूर्त आहे तीच. हिमोग्लोबिन सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचंय, तोवर उपाशीपोटी साखर लॅबमध्येच. डोस वाढवायचा का, ते तेव्हा ठरेल.

पेडण्याचा_बाब
मग मशीन कुठलं घेताय शेवटी?